ई-सिम घ्यावं की प्लास्टिकचं सिमच बरं? बँकेचा नंबर, शेतातली रेंज आणि घरातला बटनांचा फोन

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. आमचं गाव दिग्रसपासून अठरा किलोमीटर. माझ्याकडे दोन नंबर आहेत. पहिला बारा वर्षांपासूनचा, बँक, आधार, पीएम-किसान सगळं त्याच्यावर. दुसरा मागच्या वर्षी घेतला, कारण आमच्या शेतात त्याच कंपनीची रेंज मिळते. विहिरीवर पहिल्या नंबराची एकही काडी येत नाही आणि घरात दुसऱ्याची येत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

आता नवीन फोन घेतला तर त्यात प्लास्टिक सिमची जागा एकच निघाली. दुसरा नंबर ई-सिम करावा लागेल असं कळलं. दुकानातला पोरगा म्हणतो, "बँकेचा नंबर ई-सिम करा, सेफ राहतो, वरून रेंजही वाढते." घरी बाबांकडे बटनांचा फोन आहे, माझा जुना फोन पार गेला आहे. आमच्या भागात राहणाऱ्यांनी अनुभव सांगा. कोणता नंबर ई-सिम करू, की करूच नको?

कोरडवाहू
भाऊ, कायले त्या झंझटीत पडून राहिले? माह्या पोराच्या फोनात ई-सिम होतं. फोन पाण्याच्या हौदात पडला. साधं सिम असतं त काढलं न माह्या बटनाच्या फोनात टाकलं, का झालं काम. ई-सिम काढाल कुठून? चार दिवस नंबर बंद. परत हे, की ई-सिम नेटवर चालते. नेट गेलं का फोनही लागत नाई. आपल्या गावात नेट केव्हा जाईल त्याचा भरवसा नाई.

टॉवरखालचा
कोरडवाहू भाऊंची पहिली गोष्ट शंभर टक्के खरी, दुसरी नाही. माझं वणीला मोबाईलचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ई-सिमला नेट लागतं ते फक्त एकदा, फोनमध्ये उतरवताना. एकदा उतरलं की ते प्लास्टिकच्या सिमसारखंच. नेट बंद असलं तरी फोन लागतो, एसेमेस येतो. प्लास्टिकच्या कार्डात सोनेरी चिप असते ना, त्यात तुमच्या नंबराची एक गुप्त किल्ली असते. टॉवरला फोन जोडताना ती किल्ली पटली की कंपनी तुम्हाला आत घेते. ई-सिममध्ये तीच किल्ली फोनच्या बोर्डावर आधीच बसवलेल्या चिपमध्ये उतरते. बदल एवढाच.

म्हणून पऱ्हाटी, रेंज वाढते हे चूक. ॲन्टिना तोच, टॉवर तोच. विहिरीवर आज रेंज नाही तर ई-सिम केल्यावरही नाही. एकाच बाबतीत लोकांना फरक वाटतो: जुनं सिम घामानं, धुळीनं काळं पडलेलं असतं, चिपेवर रेघा असतात, फोन मधेच "सिम नाही" म्हणतो. तसलं सिम बदललं की बरं वाटतं. पण ते कंपनीकडून नवं प्लास्टिक घेतलं तरी होतं.

आता कोणता नंबर करायचा. एकच प्रश्न स्वतःला विचारा: हा फोन आज रात्री फुटला तर उद्या सकाळी हा नंबर कोणत्या फोनात चालवणार? तुमच्या घरात दुसरा फोन बटनांचा आहे. त्यात ई-सिमची चिप नाही. म्हणजे बँकेचा नंबर ई-सिम केला आणि फोन फुटला, तर दिग्रसला जाऊन, आधार देऊन, अंगठा लावून नवं प्लास्टिक घ्यावं लागेल. दुकान बंद असेल तर सोमवार. शेतातल्या रेंजचा नंबर ई-सिम करा, बँकेचा प्लास्टिकमध्ये ठेवा. माझं मत हेच आहे.

मेळघाटची_बाई
मी धारणी तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्याकडे एका गावात एक कंपनी, पुढच्या गावात दुसरी, त्यामुळे दोन नंबरांशिवाय शाळेचं काम होतच नाही. दोन वर्षांपूर्वी दुसरा नंबर ई-सिम केला आणि मला फायदाच झाला. माझ्या आधीच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमच्या जागेतच मेमरी कार्ड बसायचं, म्हणजे एक ठेवा नाहीतर दुसरं. आता नव्यात एक प्लास्टिक, एक ई-सिम आणि मेमरी कार्डही.

एक सांगते, ई-सिम उतरवण्याचं काम गावात करू नका. मी घाटात बसून सुरू केलं, अर्ध्यावर थांबलं. स्क्रीनवर गोल फिरत राहिलं आणि मी फोन बंद करून टाकला. तेव्हा परतवाड्याला जाऊन वायफायवर केलं, तीन मिनिटांत झालं. डाउनलोड आकारानं फार लहान असतं, पण जोडणी मधे तुटली तर अडतं.

टॉवरखालचा
बाई, तुमचं नशीब चांगलं, ई-सिम उतरवायला कंपनी जो क्यूआर कोड पाठवते तो वाया गेला नाही. मधे तुटलं तर कधी कधी तोच कोड पुन्हा चालतो, कधी "आधीच वापरला" असं येतं. तेव्हा कंपनीकडून नवा कोड मागावा लागतो.

हेटीकर
माझ्यासोबत जे झालं ते सविस्तर सांगतो, कारण त्यात वाईट फोनचा किंवा रेंजचा काही संबंध नव्हता. काटोलजवळ माझी चार एकर कपाशी आहे. गेल्या दिवाळीनंतर बँकेचा नंबर ई-सिम करायला घेतला. शुक्रवारी दुपारी कंपनीला एसेमेस टाकला, होकार दिला, फोन आला त्यावरही हो म्हटलं. चारच्या सुमारास जुनं सिम मेलं. तिथपर्यंत सगळं ठीक.

पण क्यूआर कोड मेलवर येतो. कंपनीकडे जी मेल आयडी नोंदवलेली होती ती सात-आठ वर्षांपूर्वी सायबर कॅफेतल्या पोरानं बनवून दिलेली. पासवर्ड मला ठाऊक नाही. पासवर्ड बदलायला गेलो तर ओटीपी त्याच नंबरावर, जो आत्ताच मेला. बसलो तसाच.

शनिवारी बाजाराचा दिवस. आमच्याकडे वेचणीच्या बायांना मजुरी बाजाराच्या दिवशी द्यावी लागते, त्यांचा आठवड्याचा किराणा त्याच्यावर. खात्यात पैसे होते, काढायला फोन नव्हता. शेजाऱ्याकडून उसने घेऊन दिले. सोमवारी काटोलला जाऊन परत प्लास्टिक सिम घेतलं. ते दुपारी चालू झालं, आणि मला वाटलं सुटलो. तर यूपीआय ॲप उघडेना. ते पहिल्यांदा आपल्याच फोनमधून एक एसेमेस पाठवून नंबर तपासतं, आणि सिम बदललं की २४ तास एसेमेस बंद असतात, जाणारेही, येणारेही. मंगळवारी दुपारनंतर सगळं सुरळीत झालं. शुक्रवार ते मंगळवार.

पऱ्हाटी
बाप रे. म्हणजे २४ तास एसेमेस बंद हे ई-सिमलाही लागू?

टॉवरखालचा
हो. सिम बदललं की लागू, प्लास्टिक ते प्लास्टिक असो की प्लास्टिक ते ई-सिम. कोणी चोरानं तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर ओढून नेला तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून ते आहे. त्रास होतो, पण ते असलेलं बरं. १ जुलै २०२४ पासून अजून एक नियम आहे: सिम बदलल्यावर सात दिवस कंपनी बदलता येत नाही. म्हणजे ई-सिम करून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पोर्ट करायचा विचार असेल तर थांबा.

हेटीकर भाऊंच्या गोष्टीवरून करायच्या आधीची कामं लिहितो. पहिलं, फोनवर हे टाइप करा:

```
*#06#
```

IMEI दिसेल, आणि EID नावाचा ३२ आकडी नंबर दिसला तर फोन ई-सिम घेतो. EID नाहीच तर विषय संपला. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त फोनांत ती चिप नसते, त्यामुळे दुकानात पैसे देण्याआधी फोन हातात घेऊन हे बघा.

दुसरं, कंपनीकडे नोंदलेली मेल आयडी स्वतः उघडून बघा, आणि चालत नसेल तर आधी बदला. तिसरं, सोमवार ते गुरुवार करा, सकाळी करा, आणि मजुरी, हप्ता, फॉर्म यांच्या दोन दिवस आधी करू नका.

एसेमेसचे शब्द कंपनीनुसार वेगळे. एअरटेलला १२१ वर eSIM, मधे जागा, आणि मेल आयडी. जिओला १९९ वर GETESIM, EID आणि IMEI. एसेमेस जुन्या चालू सिमवरूनच पाठवायचा, दुसऱ्याच्या फोनवरून नाही.

सावजी_रस्सा
एक अडचण कोणी सांगितली नाही. कोड मेलवर आला, मेल त्याच फोनमध्ये उघडली, आणि स्कॅन करायचा त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं! मी आरशापुढे उभा राहून प्रयत्न केला होता, खरंच. बायको अजून हसते. शेवटी मेव्हण्याच्या फोनवर मेल उघडून दाखवली तेव्हा झालं.

टॉवरखालचा
आरसा पहिल्यांदा ऐकला! दुसरी स्क्रीन नसेल तर हातानं टाइप करता येतं. त्या चौकोनात आत हा असा मजकूर असतो, मेलमध्ये खाली बहुतेक वेळा लिहिलेलाही असतो:

```
LPA:1$rsp.example.com$AB12-CD34
```

मधला भाग म्हणजे ज्या सर्व्हरवर तुमचं सिम ठेवलं आहे त्याचा पत्ता, शेवटचा भाग म्हणजे तुमची पावती. फोनच्या सेटिंगमध्ये ई-सिम जोडताना "कोड हातानं टाका" असा पर्याय असतो. हा मजकूर कोणालाही पाठवू नका. तुमच्या आधी त्यानं उतरवला तर नंबर त्याच्या फोनात.

काटोलचा_पुण्यात
मी थोडं उलटं बोलतो. बँकेचा नंबरच ई-सिम करावा असं माझं मत आहे. आईचा फोन नागपूर बसस्टँडवर गेला. स्क्रीनला लॉक होतं, चोराला फोन उघडता आला नाही, पण त्यानं सिम काढून दुसऱ्या फोनात टाकलं. त्या रात्री ओटीपी कुणाच्या हातात गेले ते आम्हाला कधी कळलंच नाही, दोन वेळा मिळून एकोणीस हजार गेले. ई-सिम असतं तर काढता आलं नसतं. टॉवरखालचा म्हणतात फोन फुटला तर काय, मी म्हणतो फोन चोरीला गेला तर काय.

निंबोणी
+१. ई-सिम हॅकच होत नाही असं मीही वाचलंय.

टॉवरखालचा
काटोलचा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी पहिल्यांदा लिहायला हवा होता. ज्या घरात दोन ई-सिमवाले फोन आहेत, शहरात येणं-जाणं आहे, दुकान जवळ आहे, त्यांनी तुमचंच ऐकावं.

पण निंबोणी, "हॅकच होत नाही" हे मनातून काढा. चोर कार्ड काढू शकत नाही एवढंच. फसवणारे आता वेगळ्या वाटेनं येतात: कंपनीतून बोलतो म्हणतात, "सिम बंद होणार आहे, लिंक दाबा", किंवा "आलेल्या मेसेजला १ लिहून पाठवा". तुम्ही पाठवलं की तुमचा नंबर त्यांच्या फोनात ई-सिम म्हणून चालू. ओळखायची खूण एकच: भर वस्तीत, जिथं रोज रेंज असते तिथं, अचानक तुमचं सिम "सेवा नाही" दाखवायला लागलं आणि शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं चालू आहे. तेव्हा वाट पाहू नका, दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि प्लास्टिक सिमवाल्यांसाठीही चोरीवर उपाय आहे, कोणी वापरत नाही: सिमचा पिन. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेखाली "सिम लॉक" असतं. तो लावला की सिम दुसऱ्या फोनात टाकलं तर आधी चार आकडे मागतं. पण सांभाळून. सुरू करताना कंपनीचा मूळ पिन मागतो. तो अंदाजानं टाकू नका, कंपनीला विचारा. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीकडचा पीयूके कोड लागतो. तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं मेलं.

काटोलचा_पुण्यात
सिमचा पिन हे मला माहीतच नव्हतं. आईच्या नव्या सिमला या रविवारी लावतो. तरी माझं मत बदललं नाही, तिचा नंबर ई-सिमच बरा. ती दर महिन्याला एसटीनं प्रवास करते.

हेटीकर
आणि ती फोन फुटल्यावर तुम्हाला फोन कशावरून करणार?

काटोलचा_पुण्यात
शेजारच्या काकूंच्या. पण हो, उत्तर पक्कं नाही माझ्याकडे.

कोरडवाहू
मले एक सांगा. विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये हे ई-सिम टाकता येते का? त्याचं सिम दर पावसाळ्यात खराब होते. लाईन रात्री बारालेबी येते, घरून मिस्ड कॉल देऊन मोटार चालू करतो. सिम गेलं का अंधारात सापा-इंचवात जा.

टॉवरखालचा
नाही भाऊ, त्या डब्यात ई-सिमची चिप नसते, प्लास्टिकच लागतं. बहुतेक स्टार्टर टू-जीवर चालतात, म्हणून जिओचं सिम त्यात चालत नाही, त्यांच्याकडे टू-जी नाहीच. दर पावसाळ्यात खराब होतं म्हणजे सिमपेक्षा डबा बघा. झाकणाच्या रबरातून ओल आत जाते आणि सिमच्या खाचेतल्या पिना हिरव्या पडतात. पुढच्या वेळी सिम काढाल तेव्हा खाचेत टॉर्च मारा. हिरवं दिसलं तर नवं सिम टाकूनही दोन महिन्यांत तेच होणार. डबा उंचावर, सावलीत लावा आणि वायर खालच्या बाजूनं आत घ्या.

कोरडवाहू
हिरवंच हाय जी. मागच्या महिन्यात पाह्यलं होतं, मले वाटलं शेवाळ हाय.

मेळघाटची_बाई
विषयावर येते. फोन दुरुस्तीला दिला तर ई-सिमचं काय? माझ्या सहकाऱ्याचा फोन अमरावतीहून दुरुस्त होऊन आला, ई-सिम गायब.

टॉवरखालचा
स्क्रीन, बॅटरी, चार्जिंगचं तोंड बदललं तर काही होत नाही. बोर्ड बदललं तर चिप बोर्डावरच असल्यामुळे ती गेली, EID नवा आला. कंपनीकडून नवा कोड घेतल्याशिवाय इलाज नाही. फोन पूर्ण साफ करताना "ई-सिमही पुसायचं का" असं विचारतात, तिथं घाईत टिक करू नका. दुरुस्तीवाल्या पोराला आधी सांगून ठेवा, कारण तो सवयीनं टिक करतो. जुना क्यूआर कोड जपून ठेवला असेल तरी बहुतेक वेळा उपयोग नसतो. एकदा सिम एका चिपमध्ये उतरलं की सर्व्हर त्याच पावतीवर दुसऱ्या फोनला सिम देत नाही. एकच किल्ली दोन ठिकाणी असू नये म्हणून तसं केलं आहे.

सावजी_रस्सा
म्हणजे मी लॅमिनेट करून ठेवलेला कोड फेकून देऊ?

टॉवरखालचा
हो, फाडून द्या.

पऱ्हाटी
तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.

बँकेचा नंबर प्लास्टिकमध्येच ठेवला. शेतातला नंबर ई-सिम केला. आधी मेल तपासली, ती चालू निघाली. मंगळवारी सकाळी दिग्रसला भाच्याच्या घरी वायफायवर बसलो, त्याच्या फोनवर कोड उघडला, माझ्यानं स्कॅन केला. एसेमेसला होकार द्यायला वेळ फार कमी मिळतो, म्हणून फोन हातात धरूनच बसलो होतो. साडेदहाला पाठवलेला एसेमेस, सव्वाबाराला नंबर चालू. एसेमेस बुधवारी दुपारनंतर यायला लागले. त्या नंबरावर बँक नव्हती म्हणून काहीच अडलं नाही.

विहिरीवर जाऊन बघितलं. पूर्वी निंबाखाली दोन काड्या यायच्या, आताही दोनच. दुकानातल्या पोराला सांगितलं.

मग टॉवरखालचा यांचा प्रश्न प्रत्यक्ष करून पाहिला. रात्री फोन बंद केला, टाचणीनं खाच उघडून बँकेचं सिम काढलं आणि बाबांच्या बटनांच्या फोनात टाकायला गेलो. बाबांच्या फोनची खाच जुन्या मोठ्या सिमची निघाली! आपलं नॅनो सिम त्यात बसेना. दिग्रसहून वीस रुपयांची प्लास्टिकची चौकट आणली, आता बसतं. ती चौकट बाबांच्या फोनच्या बॅटरीमागे चिकटवून ठेवली आहे.

टॉवरखालचा
हे मी सांगायला विसरलो होतो. चौकटीत सिम नीट बसल्याशिवाय फोनात सरकवू नका. रिकामी चौकट ढकलली तर खाचेतली पिन अडकून वाकते.

निंबोणी
बाबांचा नंबर बीएसएनएलचा आहे का? ते पण ई-सिम देतात आता?

टॉवरखालचा
२०२५ मध्ये सुरू केलं आहे. आमच्या तालुक्याच्या केंद्रात अजून कोणी मागायला आलेलं मी पाहिलं नाही. तुमच्याकडे कोणी केलं असेल तर किती वेळ लागला ते लिहा.

मेळघाटची_बाई
आमच्या केंद्रशाळेतल्या एका सरांनी अर्ज दिला आहे. चालू झालं की इथेच कळवते.